पावलांवरून काढलेले किलोमीटर जुळत नाहीत: चूक कुठे आहे ते कसं शोधायचं

घड्याळ किंवा फोन दिवसभराची पावलं दाखवतो, आपण पावलाची लांबी सेंटीमीटरमध्ये भरतो आणि किलोमीटर मिळतात. गणित एका ओळीचं आहे, तरी तक्रार पुन्हा पुन्हा तीच येते: माहीत असलेल्या अंतरावर चालून आलो, पण आकडा वेगळाच दिसतो. लांबी बदलून पाहिली की ते फिरणं जुळतं आणि दिवसाचा हिशोब बिघडतो. आठवड्याने पुन्हा लांबी बदलावी लागते.

आधी सूत्र लिहून ठेवू, कारण काही चुका तिथेच निघतात.

```
किलोमीटर = पावलं × पावलाची लांबी (सेंमी) / 100000
```

एका किलोमीटरमध्ये एक लाख सेंटीमीटर असतात, म्हणून भागाकार लाखाने. तोंडी पडताळा घ्यायचा असेल तर हजार पावलं धरा: 70 सेंटीमीटरची हजार पावलं म्हणजे 700 मीटर. दहा हजार पावलं म्हणजे 7 किलोमीटर. तुमचं उत्तर याच्या आसपासही फिरकत नसेल तर पावलं मोजायच्या भानगडीत पडू नका, चूक कागदावरची आहे.

किती पटीने चुकतंय, ते आधी बघा

माझ्या मते ही सगळ्यात उपयोगी पायरी आहे, आणि नेमकी तीच बहुतेक जण गाळतात. यंत्राने दाखवलेल्या अंतराला खऱ्या अंतराने भागा. जो आकडा येईल त्यावरून चूक कुठे आहे ते बऱ्यापैकी कळतं.

दहापट किंवा शंभरपट फरक असेल तर शून्यं हुकली आहेत. लाखाऐवजी हजाराने भागलं की साधं दिवसभराचं चालणं 630 किलोमीटर होतं, ते लगेच लक्षात येतं. शीटमध्ये सूत्र लिहिताना लाख हा आकडा स्वल्पविराम देऊन `1,00,000` असा लिहू नका. सूत्रात स्वल्पविरामाला वेगळं काम असतं, त्यामुळे एरर येते. सलग `100000` लिहा.

जवळजवळ नेमका दुप्पट फरक असेल तर एका पावलाऐवजी दोन पावलांची लांबी भरली गेली आहे. डाव्या टाचेपासून उजव्या टाचेपर्यंतचं अंतर हे एक पाऊल. डाव्या टाचेपासून पुन्हा डाव्याच टाचेपर्यंतचं अंतर म्हणजे दोन पावलं, आणि चालण्याचा शास्त्रीय अभ्यास करणारे स्ट्राइड म्हणतात ते हे. ॲपच्या सेटिंगमध्ये मात्र `Stride length` असं लिहिलेलं असलं, तरी बहुतेक ठिकाणी त्यांना एकाच पावलाची लांबी हवी असते, कारण यंत्र प्रत्येक पाय टेकल्यावर एक मोजतं. खात्री करायला सोपी युक्ती: साधं चालताना प्रौढ माणसाचं पाऊल साधारण 60 ते 80 सेंटीमीटरच्या दरम्यान पडतं. तिथे 130-140 भरलेले दिसले तर अर्धे करा. फिजिओथेरपीच्या रिपोर्टमधला आकडा जसाच्या तसा उचलला की हा घोळ हमखास होतो.

अडीचपट, म्हणजे 2.54 च्या जवळचा फरक असेल तर ॲपला इंच हवे होते आणि तुम्ही सेंटीमीटर भरले. 67 सेंटीमीटर म्हणजे साधारण 26.4 इंच. आणि ॲपचा आकडा खऱ्याच्या 0.62 पट, म्हणजे तीन-पंचमांशापेक्षा जरासा जास्त दिसत असेल, तर ॲप मैल दाखवत आहे. दोन्ही गोष्टी एकक बदललं की संपतात.

या सगळ्यांत फरक मोठा आणि रोज सारखाच असतो. खरा त्रास देतो तो पाच ते पंधरा टक्क्यांचा फरक, तोही रोज वेगळा. पुढचं सगळं त्याच्याबद्दल.

एकच आकडा, दोन उलट चुका

ओळखीच्या एका काकूंची तक्रार नमुन्यादाखल घेतो, कारण तिच्यात सगळं एकत्र सापडतं. त्यांनी पावलाची लांबी उंचीवरून काढली होती. उंची 162 सेंटीमीटर. बऱ्याच ठिकाणी सांगतात तसं बायकांसाठी उंचीला 0.413 ने गुणायचं (पुरुषांसाठी 0.415), म्हणून 67 सेंटीमीटर. सकाळी ट्रॅकवर दहा फेऱ्या, म्हणजे 4 किलोमीटर. त्या चालण्यात घड्याळाने पावलं मोजली 5,470, आणि अंतर दाखवलं 3.66 किलोमीटर.

"रोज माझे साडेतीनशे मीटर खातंय हे घड्याळ," त्यांचं म्हणणं.

"काकू, तुम्ही कोणत्या लेनमधून चालता?"

"अगदी आतल्या. पहाटे कोणी नसतं."

हा प्रश्न आधी विचारावाच लागतो. 400 मीटरच्या प्रमाणित ट्रॅकवर 400 मीटर फक्त सर्वांत आतल्या लेनचे असतात. लेनची रुंदी 1.22 मीटर, त्यामुळे दुसऱ्या लेनमध्ये एक फेरी सुमारे 407 मीटरची होते आणि पुढे प्रत्येक लेनला साधारण 7.67 मीटर वाढत जातात. आठव्या लेनमध्ये फेरी 453 मीटरची पडते. चालणाऱ्यांना बऱ्याच मैदानांवर बाहेरच्या लेनमध्ये पाठवतात. तिथे दहा फेऱ्या मारल्या तर चाललेले असतात साडेचार किलोमीटर, आपण धरतो चार, आणि दोष मात्र घड्याळाला. काकूंच्या बाबतीत ट्रॅक बरोबर होता, चुकली होती ती पावलाची लांबी.

उंचीवरचं सूत्र म्हणजे अनेक माणसांची सरासरी. सारख्या उंचीच्या दोघींचे पाय, चालण्याचा वेग, गुडघे सारखे नसतात. आणि एकाच माणसाचंही पाऊल वेगाबरोबर लांबतं. आपण भरभर चालतो तेव्हा पावलं जास्त पडतात, तशीच ती लांबही पडतात. काकू फिरायला निघाल्या की झपाझप चालतात, म्हणून 67 त्यांना कमी पडत होते. 4,000 मीटरला 5,470 ने भागलं की 73 सेंटीमीटर येतात. त्यांनी 73 भरले. सकाळचे चार किलोमीटर बरोबर आले आणि सगळे खूश.

मग दिवसअखेरचा आकडा पाहिला. एकूण पावलं 9,400. जुन्या 67 ने 6.30 किलोमीटर व्हायचे, आता 6.86 झाले. सकाळचे चार वजा केले तर उरलेल्या 3,930 पावलांचे 2.87 किलोमीटर घरातल्या घरात? कोणाला पटेल?

पटू नयेच. घरात आपण त्या पावलांनी चालत नाही. दोन पावलं पुढे, वळलो, एक पाऊल बाजूला, थांबलो. ही पावलं आखूड असतात. ती मोजायला काकूंनी घरातला एक सरळ पट्टा धरला, दारापासून गॅलरीपर्यंत टेपने 8 मीटर. एरवी घरात वावरतात त्याच गतीने, वळणं घेत, दहा वेळा जाऊन-येऊन 160 मीटर. घड्याळाचा आकडा वाढला 312 ने. म्हणजे पाऊल 51 सेंटीमीटरचं.

आता हिशोब पुन्हा करा. सकाळची 5,470 पावलं, 73 ची: 3.99 किलोमीटर. उरलेली 3,930 पावलं, 51 ची: 2.00 किलोमीटर. एकूण 6 किलोमीटरला चिकटून. म्हणजे मूळचा 67 हा आकडा सकाळचं चालणं कमी दाखवत होता आणि दिवस जास्त दाखवत होता, दोन्ही एकाच वेळी. तो वर केला की दिवस आणखी फुगतो, खाली आणला की सकाळ आणखी आटते. लांबी वारंवार बदलूनही समाधान होत नाही ते यामुळे.

रोज वेगळा फरक का पडतो, तेही इथेच कळतं. एखाद्या दिवशी काकूंनी पाचच फेऱ्या मारल्या आणि घरात वावर जास्त झाला, तरी एकूण पावलं 9,400 च भरली असं समजा. मग 2,735 पावलं 73 ची आणि 6,665 पावलं 51 ची: 2.00 अधिक 3.40, म्हणजे 5.40 किलोमीटर. पावलं तेवढीच, अंतर सहाशे मीटरने कमी. एकाच लांबीने गुणणारं कुठलंही ॲप हा फरक दाखवू शकत नाही, मग तुम्ही लांबी कितीही काळजीपूर्वक भरा.

तुम्ही जे भरता ते नक्की काय असतं

काकूंनी पाच फेऱ्यांची पावलं एकदा स्वतःही मोजली. शंभर झाले की एक बोट दुमडायचं, असं करत 2,820 भरली. त्याच चालण्यात घड्याळाने 2,735 मोजली होती. 85 पावलं, म्हणजे तीन टक्के, घड्याळाच्या नजरेतून सुटली. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही: थंडी वाजली की घड्याळाचा हात जॅकेटच्या खिशात जात होता. मनगटावरचं यंत्र हाताच्या हालचालीवरून पाऊल ओळखतं. हात स्थिर झाला की ते आंधळं होतं. ट्रॉली ढकलताना, बाबागाडी धरून चालताना, ट्रेडमिलच्या दांड्याला हात असताना हेच होतं.

मग खरी लांबी कोणती? टेपच्या हिशोबाने 2,000 मीटर भागिले 2,820, म्हणजे 71 सेंटीमीटर. घड्याळाच्या हिशोबाने 73.

सेटिंगमध्ये 73 भरायचे. इथे बरेच जण अडतात, कारण त्यांना वाटतं की टेपने मोजलेलं पाऊल जास्त खरं. पावलापुरतं ते बरोबरच आहे. पण ॲप गुणाकार करणार आहे तो घड्याळाने मोजलेल्या पावलांशी, तुम्ही बोटं दुमडून मोजलेल्यांशी नाही. त्या रकान्यात हवं असतं ते, यंत्राने एक पाऊल मोजलं की सरासरी किती सेंटीमीटर पुढे गेलो, एवढंच. यंत्र तीन टक्के पावलं गाळत असेल तर ते तीन टक्के या आकड्यातच भरून निघतात. म्हणून ज्या यंत्राचा आकडा रोज वापरायचा आहे, त्याच यंत्राने मोजणी करा, आणि रोज जसं बाळगता तसंच बाळगून. घड्याळासाठी काढलेली लांबी खिशातल्या फोनला लावू नका. दोघं एकाच चालण्याची पावलं वेगळी मोजतात, तेव्हा दोघांची लांबीही वेगळी निघणार.

याला एक मर्यादा आहे. यंत्राची गळती रोज साधारण सारखी असेल तरच ही युक्ती चालते. काकू एखाद्या दिवशी पूर्ण वेळ हात खिशात घालून चालल्या तर 73 चा काही उपयोग नाही. त्या दिवशी पावलंच मोठ्या संख्येने गायब असतील आणि गायब पावलांना गुणायला काही उरत नाही. तसंच उलट बाजूने: खडबडीत रस्त्यावरच्या गाडीच्या धक्क्यांनी किंवा हाताच्या कामाने फुकटची पावलं वाढतात, त्यांनाही ॲप इमानदारीने लांबी लावतं. घरातल्या वावराचे किलोमीटर म्हणूनच सकाळच्या फेऱ्यांच्या किलोमीटरइतके भरवशाचे धरू नयेत. तिथे बऱ्याच यंत्रांचा आणखी एक स्वभाव आड येतो. सलग काही पावलं पडल्याशिवाय ती मोजणीच सुरू करत नाहीत, त्यामुळे टेबलापासून कपाटापर्यंतची चार पावलं कधी मोजली जातात, कधी नाही.

मोजणी कशी करावी

बारा-पंधरा पावलांवर भागवू नका. दहा पावलं टाकून टेप लावला आणि शेवटचं पाऊल रेषेच्या अर्धं पुढे पडलं, तर चूक पाच टक्क्यांची झाली. तेच अर्धं पाऊल शंभर पावलांत अर्धा टक्का होतं आणि हजारात दिसेनासं होतं. शिवाय मोजायला म्हणून चालताना माणूस थोडा ऐटीत चालतो, पाऊल नेहमीपेक्षा लांब टाकतो. किलोमीटरभर चाललं की ही ऐट आपोआप उतरते.

ट्रॅक असेल तर आतल्या लेनमध्ये चार-पाच फेऱ्या पुरतात. सुरुवातीच्या रेषेच्या थोडं अलीकडून चालायला लागा, म्हणजे रेषा ओलांडताना तुम्ही नेहमीच्या गतीत असाल. निघण्याआधी घड्याळाचा आकडा पाहा, शेवटी रेषेवर थांबून पुन्हा पाहा. पावलांचा आकडा काही यंत्रांवर थोडा उशिरा वर येतो, म्हणून दोन्ही वेळा काही सेकंद उभं राहून मगच नोंदवा (अलीकडून टाकलेली पावलं वेगळी वजा करायला विसरू नका, किंवा सरळ रेषेवरूनच निघा, दोन किलोमीटरमध्ये सुरुवातीच्या दोन-चार आखूड पावलांनी काही बिघडत नाही).

ट्रॅक नसेल तर 30 मीटरच्या टेपने एखादा सरळ पट्टा आखून त्यावर येरझाऱ्या घाला, फक्त दोन्ही टोकांना वळसा मोठा घ्या. फोनच्या जीपीएसवर अंतर मोजायचं असेल तर मोकळ्या जागेत, लांब आणि शक्यतो सरळ रस्त्यावर मोजा. उंच इमारतींमध्ये जीपीएसची रेघ इकडेतिकडे उड्या मारते आणि अंतर उगाच वाढतं. दाट वळणांच्या वाटेवर ती कोपरे छाटते आणि अंतर घटतं. छोट्या गोल बागेत जीपीएसने काढलेल्या लांबीवर मी तरी विश्वास ठेवत नाही.

मोजणी दोन वेगवेगळ्या दिवशी करा. दोन्ही लांब्यांत एक-दोन सेंटीमीटरचा फरक असेल तर सरासरी घ्या आणि पुढे चला. चार-पाच सेंटीमीटरचा फरक निघाला तर वेग वेगळा होता किंवा यंत्र वेगळ्या ठिकाणी होतं. तेव्हा सरासरी काढू नका, कारण शोधा.

रोजचा हिशोब

बहुतेक ॲपमध्ये चालण्यासाठी एकच लांबी भरता येते. फेऱ्यांचं अंतर हवं असेल तर तिथे फिरण्याची लांबी भरा आणि दिवसाच्या एकूण किलोमीटरकडे दुर्लक्ष करा. एकूणही हवं असेल तर शीट ठेवावी लागेल. फिरायला निघताना आणि परत आल्यावर पावलांचा आकडा पाहायचा, फरक `B` रकान्यात लिहायचा. दिवसाच्या एकूण पावलांतून तो वजा करून उरलेली पावलं `C` मध्ये. दोन लांब्या सूत्रातच:

```
=(B2*73+C2*51)/100000
```

काकूंच्या त्या दिवसासाठी `B2` मध्ये 5470 आणि `C2` मध्ये 3930 घातले की 5.9974 येतं. ते 6.0 असं लिहा. दशांशानंतर दोन-तीन आकडे मिरवण्याइतकी ही मोजणी बारीक नाही. घरातल्या पावलाची लांबी 51 ची 48 झाली तरी त्या दिवसाच्या अंतरात शंभरेक मीटरचा फरक पडतो.

तुम्ही धावतही असाल तर तिसरी लांबी वेगळी काढा. धावताना दोन्ही पाय क्षणभर हवेत असतात, पाऊल सहज मीटरच्या आसपास किंवा पुढे जातं, आणि चालण्याची लांबी लावली तर धावणं फार कमी दिसतं. काही घड्याळांत धावण्याची लांबी भरायला वेगळा रकाना असतो, तो रिकामा असेल तर आधी तो भरा. जिन्याची पावलं मात्र यात बसवायचा प्रयत्नच करू नका. तिथलं आडवं अंतर पायरीच्या रुंदीएवढं असतं, मग पाऊल कितीही लांब पडत असो. दिवसात चार-सहा जिने असतील तर ती पावलं घरातल्या पावलांत गेलेलीच बरी.

एकदा काढलेली लांबी किती दिवस चालते? बूट बदलले, गुडघा किंवा टाच दुखायला लागली, चालण्याचा वेग वाढवला किंवा घड्याळ दुसऱ्या हाताला बांधायला लागलात, की पाच फेऱ्यांची मोजणी पुन्हा करा. यातलं काही झालं नसेल आणि फेऱ्यांचं अंतर अचानक जुळेनासं झालं असेल, तर लांबीला हात लावण्याआधी पावलांचा आकडा पाहा. काकूंच्या दहा फेऱ्यांना 5,470 च्या जागी 5,100 दिसले तर पाऊल लांबलेलं नसतं, घड्याळ पावलं गाळत असतं. पट्टा सैल झालाय का, आणि ॲपमध्ये घड्याळ कोणत्या हाताला आहे म्हणून नोंदवलंय, हे दोन्ही आधी तपासा.